खुर्चीच्या आठ स्क्वॉटची स्क्रिप्ट

सांगलीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी चार वर्षं सकाळची बॅच घेते. बहुतेक बायका पंचेचाळीस ते पासष्टच्या. पावसाळ्यात बॅच बुडते म्हणून गेल्या वर्षी ठरवलं, घरी लावून करता येईल असा वीस मिनिटांचा व्हिडिओ बनवायचा. व्यायाम मला येतात, शिकवायची सवय आहे, तेव्हा स्क्रिप्ट दोन संध्याकाळींत होईल असं वाटलं होतं. त्यातल्या एका स्क्वॉटच्या भागालाच तीन आठवडे लागले.

पहिला खर्डा मी वर्गात बोलते तसाच लिहिला. पाय खांद्याइतके, पाठ सरळ, छाती वर, पोट आत, गुडघे बोटांच्या पुढे नकोत, वजन टाचांवर, श्वास रोखू नका. मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावून स्वतः करत वाचायला घेतलं, तेव्हा कळलं की हे मावतच नाही. एक स्क्वॉट मी पाच सेकंदांचा धरला होता. तीन सेकंद खाली जायला, एक थांबायला आणि एक वर यायला. खाली जाण्याच्या तीन सेकंदांत न धावता चार-पाच शब्द बोलता येतात, आणि त्यातच आकडाही म्हणायचा असतो. मी सात सूचना एका श्वासात म्हणत होते. ऐकणारी बाई पहिल्या सूचनेवर पोचेपर्यंत मी चौथीवर असायचे.

तरी तो खर्डा मी आत्यावर करून पाहिला. आत्या बासष्टची आहे. जिना उतरताना तिचे गुडघे कुरकुरतात, पण डॉक्टरांनी व्यायामाला मनाई केलेली नाही. आवाज रेकॉर्ड करून लावला आणि मी स्वतः गप्प बाजूला उभी राहिले. वर्गात मी चुकणाऱ्याला हात लावून सरळ करते, व्हिडिओत तो हात नसतो, म्हणून मुद्दाम तसं केलं.

‘खुर्चीवर बसा’ म्हटल्यावर आत्या बसली. खरंच बसली, पाठ टेकवून, हात मांडीवर ठेवून. आपल्याकडे कुणी ‘बसा’ म्हटलं की माणूस असाच बसतो. पुढच्या आकड्याला ती हातांचा जोर देऊन, पुढे झोका घेऊन उठली. मांडीला काम मिळालंच नाही. मी शब्द बदलला. ‘खुर्चीला टेका आणि उठा’ असं केलं, आणि त्याआधी एक वाक्य घातलं: ‘खुर्चीवर अंडं ठेवलंय असं समजा, ते फुटू द्यायचं नाही.’ दुसऱ्या वेळी ती खुर्चीच्या काठाला हलकेच टेकून उठली, आणि तिसऱ्यानंतर म्हणाली, ‘अगं, आता मांडीला जाणवतंय.’

दुसरी अडचणही शब्दाचीच होती. शेजारचे काका कौतुकाने करायला आले आणि ‘बैठक’ हा शब्द ऐकून टाचा उचलून चवड्यांवर गेले. ते लहानपणी तालमीत जात, आणि तालमीच्या बैठकीत टाचा उचलतातच. त्यांचं चुकलं नव्हतं, शब्दच दुसऱ्या व्यायामाचा होता. म्हणून स्क्रिप्टमध्ये मी ‘स्क्वॉट’च ठेवला. बायकांनाही तो माहीत असतो.

मग शरीराच्या मागच्या भागाला काय म्हणायचं? स्क्वॉटची पहिली हालचाल तिथूनच सुरू होते, त्यामुळे हा शब्द टाळता येत नाही. ‘नितंब’ पुस्तकी वाटतं आणि दुसरा शब्द घरच्यांसमोर मोठ्या आवाजात लावलेल्या व्हिडिओत बरा वाटत नाही. ‘कंबर मागे’ म्हटलं की बायका कंबरेत बाक आणतात, म्हणजे नको तेच करतात. जिममध्ये ‘सीट मागे’ म्हणतात, तेही सगळ्यांना कळत नाही. शेवटी मी अवयवाचं नाव सोडून प्रसंगच दिला: ‘दोन्ही हातांत ताटं आहेत, मागचं दार पाठमोरंच ढकलायचंय.’ हे ऐकून एकीनेही विचारलं नाही की नक्की काय मागे न्यायचं.

यामागचं कारण मला नंतर वाचनात सापडलं. हालचाली शिकण्यावर संशोधन करणाऱ्या गाब्रिएले वुल्फ यांनी सहकाऱ्यांबरोबर 1998 मध्ये स्कीइंगची हालचाल करवणाऱ्या यंत्रावर प्रयोग केला होता. काही जणांना आपल्या पायाने जोर लावण्याकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायाखालच्या फळीच्या चाकांकडे. चाकांकडे लक्ष देणारे चांगलं शिकले. त्यानंतर मी सगळी स्क्रिप्ट त्या नजरेने पुन्हा वाचली. ‘मांडीचे स्नायू आवळा’च्या जागी ‘पायांनी जमीन खाली ढकला’ आलं. ‘गुडघे आत वळू देऊ नका’च्या जागी ‘दोन गुडघ्यांमध्ये कळशी आहे, ती दाबायची नाही’ आलं. वाक्याची लांबी जवळपास तेवढीच राहिली, पण बघणाऱ्याच्या गुडघ्यांत फरक पडला.

गुडघ्यांबद्दलची एक धोक्याची सूचना मी काढून टाकली. ‘गुडघा पायाच्या बोटांपुढे अजिबात जाऊ नये’ हे मी वर्षानुवर्षं सांगत आले होते. ते पाळायला आत्या छातीने एवढी पुढे झुकली की सगळा भार कंबरेवर गेला. गुडघा मुद्दाम अडवला की त्याच्यावरचा ताण थोडा कमी होतो, पण नितंबाच्या सांध्यावर आणि कंबरेवर बराच वाढतो. उंच माणसाचा, लांब मांडीच्या माणसाचा गुडघा थोडा पुढे जाणारच. बघायचं ते एवढंच की गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला आहे ना, आणि टाच जमिनीवर आहे ना. टाच उचलत असेल तर बहुतेक वेळा घोटा आखडलेला असतो, आणि त्यावर सोपा उपाय म्हणजे कमी खाली जाणं.

सोप्या प्रकाराची जागाही बदलावी लागली. आधी मी पूर्ण स्क्वॉट दाखवून मग म्हणायचे, ‘नवीन असाल तर खुर्ची घ्या.’ पण एकदा सुरू केल्यावर कुणीही मध्येच थांबून खुर्ची आणत नाही, आणि आपण ‘कमी’ प्रकार करतोय हे कुणाला आवडतही नाही. आता खुर्चीचाच स्क्वॉट सगळ्यांचा आहे. व्हिडिओत मध्यभागी मी खुर्ची घेऊन करते, डावीकडे माझी वहिनी खुर्चीवर उशी ठेवून आणि हात मांडीवर टेकून करते. ‘खुर्ची सोपी झाली असेल तर’ हे वाक्य दुसऱ्या फेरीच्या आधी येतं. सोपी झाली हे कळायची खूणही सांगितली आहे: हात न टेकता, न धपकन बसता आठ झाले आणि लगेच एक पूर्ण वाक्य बोलता आलं, तर पुढच्या वेळी उशी काढा. उशी नसूनही तसंच झालं, तर खुर्ची मागे ठेवा, पण तिला न टेकता वर या.

खुर्चीबद्दल अर्धं मिनिट गेलं, आणि ते जाऊ दिलं. आपल्या गुळगुळीत फरश्यांवर प्लास्टिकची खुर्ची मागे सरकते. ती भिंतीला टेकवूनच ठेवायची. चाकांची नको, घडीची नको, आणि पायमोजे काढून ठेवायचे. नेहमीच्या खुर्चीची बैठक साधारण 45 सेंटिमीटर असते. बुटक्या बाईला ती उंच पडत नाही, उलट सोपी जाते, पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी दुमडलेली गोधडी ठेवून ती आणखी वर आणायची. जितकी वर, तितकं सोपं.

श्वासाचं वाक्य मी सर्वांत जास्त वेळा लिहिलं आणि खोडलं. जोर लावताना श्वास रोखला की रक्तदाब एकदम चढतो, आणि माझ्या बॅचमधल्या निम्म्या बायका त्याच्या गोळ्या घेतात. पण ‘श्वास घ्या, श्वास सोडा’ असं दर वेळी म्हटलं तर बाकी काही सांगायला जागाच उरत नाही, शिवाय माझा ताल आणि त्यांचा श्वास जुळत नाही. शेवटी उपाय आकड्यातच मिळाला. उठताना आकडा त्यांनीच मोठ्याने म्हणायचा. बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखता येत नाही. आणि व्हिडिओत त्या एका सेकंदात मी गप्प राहते.

दहाऐवजी आठ ठेवले, तेही दोन फेऱ्या, मध्ये 45 सेकंद. सातवा-आठवा जड वाटला पाहिजे, पण दिसायला पहिल्यासारखाच हवा. पहिल्या फेरीची शेवटची स्क्रिप्ट अशी झाली:

सुरू करण्याआधी: ‘खुर्ची भिंतीला. पाय खांद्याएवढे, बोटं जरा बाहेर. मांडी भरून आली, जळजळली, तर ते काम होतंय. गुडघ्यात टोचलं, कळ आली, तर उशी वाढवा. तरी टोचलं तर ही फेरी सोडा. छातीत दुखलं, गरगरलं, तर लगेच बसा आणि आज पुढे करू नका. आकडा तुम्ही म्हणायचा.’

पहिला: ‘मागचं दार ढकला… टेका…’ 
दुसरा: ‘हळू… अंडं फुटू नये…’ 
तिसरा: ‘टाचा जमिनीवरच…’ 
चौथा: ‘कळशी दाबू नका…’ 
पाचवा: काही नाही. 
सहावा: ‘इथे थांबलात तरी चालेल…’ 
सातवा: ‘जमीन खाली ढकला…’ 
आठवा: ‘तितकंच हळू…’

सूचना नेहमी हालचालीच्या आधी संपते. ‘टाचा जमिनीवरच’ हे टाच उचलल्यावर ऐकू आलं तर पुढच्या वेळेपर्यंत विसरलं जातं. म्हणून आदल्या स्क्वॉटमधून उठल्या उठल्या, पाय सरळ असतानाच मी ते म्हणते. धोक्याच्या सूचना तर सगळ्याच फेरीच्या आधी आहेत, कारण फेरी चालू असताना ‘टोचलं तर थांबा’ म्हटलं की सगळ्याच जणी गुडघा चाचपायला लागतात. पाचव्याला मी गप्प राहते, ते माझ्या एडिट करणाऱ्या मुलाला चुकून राहिलेलं वाटलं होतं. त्याने तिथे संगीत वाढवलं, आणि मी ते काढायला लावलं. त्या वेळी बाईला स्वतःचे पाय जाणवायला हवेत.

चित्रीकरणाच्या दिवशी एक घोळ झाला. पुढे पाय टाकण्याच्या व्यायामात मी ‘उजवा पाय’ म्हटलं आणि माझाच उजवा टाकला. समोरून बघणाऱ्याला तो डाव्या बाजूला दिसतो, त्यामुळे आत्या दर वेळी अडखळायची. तो भाग पुन्हा केला. तोंडाने उजवा आणि पाय डावा, आरशासारखं. सरावाला दोन दिवस गेले.

भिंतीवरच्या पुशअपला आरसाही उपयोगी नाही, कारण बघणाऱ्याचं तोंड भिंतीकडे असतं. ती स्क्रिप्ट मी पूर्ण कानासाठीच लिहिली आणि आत्याला फोनवरून, न बघता, करून दाखवायला सांगितली. ‘हात खांद्यांच्या रेषेत, भिंतीपासून एक पाऊल मागे’ असं मी म्हणाले. ती एवढी मागे गेली की तळहात घसरायला लागले. आता तिथे ‘हात सरळ करून तळवे भिंतीला लागतील एवढंच मागे’ असं आहे.

आत्याने पाचव्या आठवड्यात उशी काढली. मी सांगितलं नव्हतं. आठ झाल्यावर तिने वहिनीला पूर्ण वाक्य बोलून दाखवलं, ‘चहा टाक गं, आले मी,’ आणि उशी उचलून दिवाणावर ठेवली.