गोड बोला, सर?

सकाळी सव्वासातला सरांचा मेसेज. ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला.’ फॉरवर्डेड नव्हता, वर माझं नाव टाईप केलेलं. म्हणजे नुसता अंगठा दाखवून भागणार नव्हतं.

रिवाजाप्रमाणे उत्तरही तेच असतं. ‘तुम्हीही गोड बोला’ लिहिलं आणि बोट थांबलं. परवाच रिपोर्टातल्या एका चुकीवरून त्यांनी सगळ्यांसमोर मला झापलं होतं. आता हे पाठवलं तर शुभेच्छा की टोमणा? पुसलं.

मग ‘सेम टू यू सर’. हे वर्गणी मागायला आलेल्या पोरांना म्हणतात तसं वाटलं. पुसलं. मग हात जोडलेले तीन, पतंग दोन, ‘आपल्या मार्गदर्शनाखाली...’ शी! इन्क्रिमेंट एप्रिलमध्ये असतं, हे त्यांनाही माहीत आहे. तेही पुसलं.

तिकडे त्यांना ‘टायपिंग’ दिसत असेल, या विचाराने आणखी घाम. कढईतला गूळ तेवढ्यात पुढे गेला, पाक कडक झाला.

शेवटी लिहिलं, ‘धन्यवाद सर. तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा. वड्या उद्या डब्यात आणते.’ घरच्यांचा उल्लेख केला की साहेब जरा माणूस होतो, आणि वड्यांमुळे वाक्य माझं झालं.

मिनिटभरात उत्तर, ‘मऊ असतील तर दोन ठेवा. दाढ दुखतेय.’

दाढ! परवाही दुखत होती का हो?

आणि आता या दगडासारख्या वड्यांचं काय करू?