स्वतंत्रपूरचा प्रश्न शेवटी बसला!

मंडळी, आपल्या क्विझसाठी लिहायला घेतलेला आणि मागच्या अपडेटपासून अडून बसलेला स्वतंत्रपूरचा प्रश्न मार्गी लागला. फंडा सोडवत नव्हता: औंध संस्थानात, आटपाडीजवळ, भिंती आणि गजांविना कैद्यांची वसाहत.

आधी वसाहतीचं नावच विचारलं होतं. क्लू होता, 'तुरुंगाच्या उलट अर्थाचं नाव'. विट्यातल्या सरावात 'मुक्तापूर' आलं, 'आझादनगर' आलं. तर्क सगळ्यांचा चोख, गुण कुणालाच नाहीत. तर्काच्या शेवटी दोन-तीन उत्तरं सारखीच शोभत असतील तर प्रश्न एकाच उत्तरावर पिन झालेला नाही. टीमकडे बोट दाखवून उपयोग नाही.

मग प्रश्न उलटा फिरवला. स्वतंत्रपूर हे नाव प्रश्नातच दिलं आणि त्यावरून सुचलेला 1957 चा हिंदी चित्रपट विचारला. 'दिग्दर्शक व्ही. शांताराम' लिहिलं की अगदीच सोपा, सिटर होतो, गाळलं की ज्याला आधीच माहीत आहे तोच बोलतो. बाकीच्यांना तर्काने वर्कआउट करायला काहीच उरत नाही. घोडं इथेच अडलं होतं. वाट सापडली ती चित्रपटाच्या कथेतच. शेवटी एवढंच जोडलं: 'कैदी सहा, त्यांच्यावर लक्ष ठेवणारा जेलर एक. नावात या माणसांचा हिशोब आहे.'

परवा सांगलीत एका टीमला स्वतंत्रपूर ठाऊकच नव्हतं. त्यांची कुजबुज ऐकत होतो. "सहा नावात कुठे येतं?" "सहा नको, दुप्पट कर. हात मोज. बारा!" "आणि जेलरचे दोन... डोळे! दो आँखें बारह हाथ!" काय आनंद झाला सांगू! दोन्ही आकडे जुळल्यावर उत्तर बरोबर आहे हे त्यांना माझ्याकडे न बघताच कळलं होतं. चांगल्या वर्कआउटची माझ्या मते हीच खूण.

असा प्रश्न बझरवर मात्र वाया जातो. आमचा नवा बझर संच तर दोन टीमचे दिवे एकदम लावतो, पण तो धड असता तरी हा प्रश्न मी पाउन्सलाच, म्हणजे चिठ्ठीवर उत्तर लिहून द्यायलाच ठेवला असता. विचाराला अर्धा मिनिट हवाच.

हा प्रश्न सिनेमाच्या फेरीत जाणार होता, पण लिहिता लिहिता बेत बदलतोय. कथा गदिमांची, आणि त्यांचं माडगूळही आटपाडी तालुक्यातलंच. मग एकेक क्लू जोडून उत्तर ओळखायचं असा औंध संस्थानावर अख्खा कनेक्टच का नको? सूर्यनमस्कार, लोखंडी नांगर, बिनभिंतींचा तुरुंग. सूर्यनमस्कारांचा प्रसार राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी केला, आणि 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागाही त्यांनीच दिली. नांगर पहिल्या स्लाइडवर आला तर सगळे 'किर्लोस्करवाडी'वर अडकतील, म्हणून सुरुवात सूर्यनमस्कारांनी आणि तुरुंग शेवटी. प्रश्नात 'संस्थान ओळखा' असं स्पष्ट लिहायचं, नाहीतर राजाचं नाव की गावाचं यावर सातारा आणि सांगलीच्या टीम माझ्याशी भांडत बसतील. नांगराचा कंपनीचं नाव न दिसणारा जुना फोटो कुणाकडे असेल तर कळवा.