साडेबारा घरं

काकूंचं वय बावन्न. तीन दिवस जुलाब-उलट्या, आणि त्या सकाळी बाथरूमबाहेर दोन-तीन मिनिटं बेशुद्ध. घरच्यांचा हिशेब सरळ होता: अशक्तपणा. "एक सलाईन लावा आणि सोडा, डॉक्टर," मुलगा म्हणाला. चक्कर येऊन पडलेल्या प्रत्येकाचा ईसीजी काढायचा हा आमच्याकडचा नियम, म्हणून तो निघाला. मशीनने वर छापलं होतं: Normal ECG, QTc 438 ms. क्यूटी म्हणजे ठोक्याच्या विद्युत सुरुवातीपासून टी-वेव्हच्या शेवटापर्यंतचा वेळ; QTc म्हणजे तोच, नाडीनुसार दुरुस्त केलेला.

मला ती पट्टी बघताच खटकली. टी-वेव्ह, म्हणजे ठोक्याच्या टोकदार लहरीमागून येणारी गोलसर लहर, दोन ठोक्यांच्या बरोबर मध्याच्या पलीकडे जाऊन संपत होती. नाडी साधारण साठ ते शंभरमध्ये असताना असं दिसलं, तर मशीन काहीही म्हणो, हाताने मोजायचंच.

मोजायला माझ्या ड्रॉवरमध्ये मुलीच्या जुन्या कंपासपेटीतलं कर्कटक असतं. नेहमीच्या वेगाने निघालेल्या कागदावर एक छोटं घर म्हणजे ४० मिलिसेकंद. छातीच्या व्ही-२, व्ही-३ लीडमध्ये टी-ला चिकटून दुसरा छोटा उंचवटा होता, ती यू-वेव्ह. तिथे मोजलं तर शेवट कुठे धरायचा यावरच वाद होतो. म्हणून लीड-२ घेतली. टी चपटी होती, पण तिचा उतार दिसत होता. त्या उताराच्या सगळ्यात तीव्र भागाला पट्टीने स्पर्शरेषा काढली; ती आडव्या आधाररेषेला जिथे छेदते तिथे क्यूटीचा शेवट. सुरुवात क्यूआरएसची, म्हणजे ठोक्याच्या टोकदार लहरीची, पहिली हालचाल. साडेबारा घरं, म्हणजे ५०० मिलिसेकंद. लागोपाठच्या दोन ठोक्यांच्या टोकांमधलं, म्हणजे आर-आर, अंतर वीस घरं, ०.८ सेकंद.

आता दुरुस्ती. नाडी वेगात असली की क्यूटी आपोआप आखडतो, म्हणून तो नाडी साठ असती तर किती असता, असं काढतात. बॅझेटच्या सूत्राप्रमाणे ५०० ला ०.८ च्या वर्गमुळाने, म्हणजे ०.८९४ ने भागायचं. उत्तर ५५९. नाडी फार जलद असली की बॅझेट आकडा फुगवतो, म्हणून फ्रिडेरिशियाच्या घनमुळानेही बघितलं: ५३९. बाईत ४६० च्या वर गेलं की कान टवकारायचे आणि ५०० च्या वर माणसाला मॉनिटरवर घ्यायचं. इथे दोन्ही सूत्रांचं एकच म्हणणं होतं. मशीनने बहुधा चपट्या टीचा शेवट अलीकडेच धरला होता. त्याला दोष नाही. दोष आहे वरचं वाक्य वाचून पट्टी फाईलला लावणाऱ्यांचा.

मग औषधं. मुलगा म्हणाला, बीपीची एकच गोळी. फोनवर मुलीने सांगितलं, "आईला झोपेचीपण चालू आहे." ती झोपेची नव्हती, नैराश्यावरची एसिटालोप्रॅम होती. बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन, म्हणजे लघवीवाटे पोटॅशियम जाणार. गल्लीतल्या दवाखान्यात ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी आणि ऑनडॅनसेट्रॉनची इंजेक्शनं. एसिटालोप्रॅम, ऑफ्लॉक्सासिन, ऑनडॅनसेट्रॉन: तिन्ही क्यूटी लांबवणारी, त्यात जुलाबाने पोटॅशियम २.७, नॉर्मलपेक्षा बरंच खाली. ऑनडॅनसेट्रॉन आपल्याकडे उलटी या शब्दालाच टोचतात, आधी काय चालू आहे ते विचारायची पद्धत नाही.

आमच्या सिस्टरने ऑनडॅनसेट्रॉनची सिरिंज भरून ठेवलीच होती. ती बाजूला ठेवली. आयसीयूत घेतलं, दोन ग्रॅम मॅग्नेशियम हळू दिलं, पोटॅशियम चालू केलं, तिन्ही औषधं आणि क्लोरथॅलिडोन बंद.

रात्री एकच्या सुमारास मॉनिटरवर एक जादा ठोका, त्यामागे लांब विराम, पुढचा ठोका, आणि त्याच्या टी-वर दुसरा जादा ठोका. तिथून रुंद लहरी, उंची वाढत-कमी होत, आधाररेषेभोवती पीळ घेत. टोरसाड, लांबलेल्या क्यूटीतून उसळणारी जीवघेणी लय. काही सेकंदांत आपोआप थांबला. तोवर ड्यूटीवरच्या आरएमओने अमिओडॅरॉन, हे लय आवरणारं औषध, काढायला सांगितलं होतं. पोरगा हुशार, पण व्हीटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून सुटलेली जलद लय, दिसला की अमिओडॅरॉन हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं. तेही क्यूटी लांबवतं. इथे ते आगीत तेल. "आणखी दोन ग्रॅम मॅग दे, आणि डीफिब तयार ठेव. लांबला तर शॉक," एवढंच म्हणाले. पुन्हा टोरसाड आला नाही. सकाळपर्यंत पोटॅशियम ४.१ झालं होतं.

दहा दिवसांनी ईसीजी परत काढला. क्यूटी ११ घरं, आर-आर साडेबावीस घरं, बॅझेटने ४६४. पोटॅशियम नॉर्मल, ती औषधं बंद, तरी सीमेच्या चार पुढे. हातमोजणीत अर्धं घर म्हणजे वीस मिलिसेकंद, म्हणून या चाराला मी फार किंमत देऊ नये. पण काही जणांचा क्यूटी जन्मतःच थोडा लांब असतो आणि औषधांनी ढकलल्यावरच उघडा पडतो. काकू त्यातल्या असतील का, हे एका पट्टीवरून सांगता येत नाही.

मनोविकारतज्ज्ञांनी काकूंना सध्या एसिटालोप्रॅमऐवजी सर्ट्रालीनवर ठेवलंय. टाळायच्या औषधांची यादी काकूंच्या फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवली आहे. घरात कुणाला अचानक मृत्यू, पोहताना किंवा दचकून बेशुद्धी असं काही, असं विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, "मलाच शाळेत दोनदा चक्कर आली होती, मॅडम." तिचा ईसीजी पुढच्या सोमवारी आहे.