नांदुरीचा घाट: उतरताना गिअर कुठला आणि साइड कोणी द्यायची

श्रावणातल्या एका शुक्रवारी आम्ही पाच जण सप्तशृंगी गडावर जाऊन आलो. आई, ताई, दाजी, मी आणि भाचा. भाच्याला लायसन्स मिळून आठ महिने झालेत. नाशिकच्या गर्दीत तो गाडी चांगली चालवतो, पण घाट त्याने कधी चालवला नव्हता. गाडी साधी, पेट्रोलची, पाच गिअरची. पावसाळ्यात नव्या हाताने गडावर जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहाटे साडेपाचला नाशिक सोडलं. दिंडोरी, वणी करत नांदुरीला पोचलो. तिथवर साध्या रस्त्यासारखाच रस्ता आहे, त्याबद्दल वेगळं काही सांगायला नको. नांदुरीत चहा घेतला, काचा आतून पुसल्या, गाणी बंद केली आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच चार बोटं खाली घेतली. काच खाली कशाला, असं ताईने विचारलं. समोरच्याचा हॉर्न आपल्याला ऐकू यायला हवा म्हणून. घाटात हॉर्न वाजवणारे भरपूर भेटतात, ऐकणारे कमी.

इथून गडापर्यंत साधारण दहा किलोमीटरचा घाट. सुरुवातीला भाचा तिसऱ्या गिअरमध्ये होता आणि गाडी ठीक ओढत होती. पहिल्या तीव्र डाव्या वळणात मात्र ती धडधडायला लागली. त्याने ॲक्सिलरेटर आणखी दाबला, तरी वेग काही वाढेना. इंजिन असं धडधडू लागलं आणि पाय दाबूनही ताकद येईना, की गिअर वरचा पडलाय असं समजायचं. पण तो वळणाच्या मध्यावर बदलायचा नाही. क्लच दाबला की तेवढ्या क्षणापुरती ओढ सुटते, आणि चढावर तेवढ्यात गाडी जवळजवळ थांबते. वळणाच्या आधी, स्टिअरिंग सरळ असतानाच खालचा गिअर टाकून घ्यायचा.

यात एक बारकावा आहे. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे चढताना डावं वळण आलं की आपण वळणाच्या आतल्या बाजूला असतो. आतली बाजू आखूड असते, म्हणून तेवढीच उंची कमी अंतरात चढावी लागते आणि चढ जास्त उभा होतो. तिथे छोट्या गाडीला पाच माणसं घेऊन सेकंडसुद्धा कधी पुरत नाही, फर्स्ट लागतो. उजव्या वळणाला आपण बाहेरच्या लांब बाजूने जातो, तिथे सेकंड आरामात चालतो. हे सांगितल्यावर भाचा पुढची वळणं आधीच ओळखून गिअर टाकू लागला आणि इंजिनची धडधड थांबली.

मधल्या एका यू-वळणावर वरून एसटी येत होती. लांब बस अशा वळणावर फक्त आपल्या अर्ध्या रस्त्यात मावत नाही, तिला जवळजवळ सगळा रस्ता लागतो. आपली गाडी वळणाच्या तोंडाशी नेऊन उभी केली तर बस अर्ध्यात अडकते आणि मागे रांग लागते. म्हणून वळणाच्या दोन-तीन गाड्या अलीकडेच, कडेला, हँडब्रेक ओढून थांबायचं आणि बसला पूर्ण वळू द्यायचं. नियमाने चढणाऱ्याचा मान पहिला असला तरी इथे आपण थांबलेलंच बरं. आम्ही थांबलो, बस वळली, ड्रायव्हरने हात केला.

वर दर्शन छान झालं. ढग इतके खाली आले होते की समोरची दुकानंही धूसर दिसत होती. अकराला उतरायला निघालो.

परतताना चुकलो ते इथेच. उतार सुरू होण्याआधी गिअर ठरवायचा, हे मी त्याला सांगायला हवं होतं आणि बोलण्याच्या नादात राहून गेलं. तो तिसऱ्यात निघाला. वेग वाढला की ब्रेक, पुन्हा वाढला की ब्रेक, आणि हळूहळू त्याचा पाय ब्रेकवरून उठेनासाच झाला. अडीच-तीन किलोमीटर उतरल्यावर मागून आई म्हणाली, "काहीतरी जळतंय का रे?" मलाही वास आला, तापलेल्या लायनरचा उग्र वास. भाचा म्हणाला, "मामा, ब्रेक जरा जास्त खाली जातोय."

ब्रेक तापल्याची ही खूण नीट लक्षात ठेवा. आधी वास येतो. मग तेवढ्याच दाबाला गाडी कमी थांबते. त्यानंतर पेडल मऊ लागतं आणि खोल जातं. पेडल मऊ होणं सगळ्यात वाईट, कारण ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाल्याची ती खूण असू शकते. बुडबुडे दाबले जातात, पण ब्रेकपर्यंत जोर पोचत नाही. जुन्या ब्रेक ऑइलने हवेतलं पाणी शोषलेलं असतं, त्यामुळे ते लवकर उकळतं. दोन वर्षांत ते बदललं नसेल तर घाटाला निघण्याआधी बदलून घ्या.

रस्ता जिथे रुंद होता आणि दोन्हीकडून लांबवर दिसत होता, तिथे कडेला घेतलं. गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकून बंद केली आणि दाजींनी पुढच्या चाकांना दगड लावले. पाणी आणून चाकांवर ओतू या, असं कोणीतरी सुचवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकडी होऊ शकते किंवा तडकू शकते, म्हणून तसं करायचं नाही. हवेनेच निवू द्यायचं. आम्ही पाऊण तास थांबलो. निघताना दगड उचलून पार कडेला टाकले. लोक ते तसेच रस्त्यात सोडून जातात आणि धुक्यात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव जायची वेळ येते. कृपा करून उचला.

पुन्हा निघताना सेकंड टाकला आणि खालपर्यंत सेकंडच ठेवला. जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. बहुतेक घाटांना हा हिशेब चालतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. आवाज मोठा होतो, आरपीएमचा काटा वर जातो, भाचा त्यालाच घाबरला होता. पण काटा लाल पट्ट्यापर्यंत जात नाही तोवर इंजिनला काही होत नाही. तरी वेग वाढला तर ब्रेक नीट दाबायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा. सोडलेल्या वेळात ब्रेक निवतो. पाय नुसता टेकवून ठेवला तर तो निवतच नाही.

न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचतं ही समजूत अजून आहे. इंजेक्शनच्या गाड्यांत उलटं होतं. गिअरमध्ये उतरताना इंजिनला पेट्रोल जवळपास जातच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला जात राहतं. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, मग पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंगही जड होतं. ऑटोमॅटिक गाडी असेल तर नुसत्या डी वर उतरू नका. मॅन्युअल, एल किंवा २, जे दिलं असेल ते वापरा.

सेकंडचा दुसरा फायदा लगेच कळला. एका आंधळ्या वळणाच्या पलीकडे दरडीची माती अर्ध्या रस्त्यावर आली होती आणि एकच गाडी जाईल एवढी जागा उरली होती. वळणाच्या पंचवीस-तीस मीटर अलीकडे भाच्याने दोन छोटे हॉर्न दिले आणि गप्प राहिला. खालून एक लांब हॉर्न आला. हाताखाली हॉर्न दाबूनच धरला असता तर तो ऐकू आला नसता. आणि हॉर्न वाजवला म्हणजे रस्ता आपला झाला असं नसतं. तो फक्त 'मी येतोय' एवढंच सांगतो. समोरच्याने ऐकला का, हे आपल्याला कळत नाही.

वळणातून पुढचं पंचवीस मीटर दिसत होतं. समोरचाही थांबायला जागा घेणार, म्हणून आपल्या वाट्याला अर्धी, बारा-तेरा मीटर. ओल्या उतारावर तासाला तीस किलोमीटर वेग असेल तर भान येऊन गाडी थांबेपर्यंत साधारण सतरा मीटर जातात. वीस असेल तर दहाच्या आसपास. तिसऱ्या गिअरमध्ये आम्ही तिशीच्या पुढे असायचो. सेकंडमध्ये विशी होती, म्हणून थांबलो.

समोर नारळाच्या गोण्यांनी भरलेलं पिकअप होतं. अशा वेळी नियम स्पष्ट आहे: दोन गाड्या सुरक्षित जाऊ शकत नसतील तर उतरणाऱ्याने कडेला थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. १९८९ च्या नियमांत हे होतं, २०१७ च्या नव्या विनियमांतही आहे. भरलेली गाडी चढावर थांबली की तिला पुन्हा उठवताना क्लच जळतो, ओल्या मातीत चाकं फिरतात आणि गाडी मागे घसरते. उतरणाऱ्याला थांबून परत निघायला कष्ट नाहीत.

भाच्याला वाटलं, पिकअपच मागे जाईल. पण त्याला उतारावर रिव्हर्स यावं लागलं असतं, भरलेल्या गाडीच्या ब्रेकवर आणि आरशांच्या भरवशावर. आम्हाला चढावर मागे जायचं होतं. त्यात गाडी आपोआपच हळू चालते आणि पाय काढला की जागीच मंदावते. म्हणून आम्ही मागे घेतलं. दाजी उतरून वळणापाशी उभे राहिले आणि वरून येणाऱ्या दुचाकी थांबवल्या. भाच्याने वीसेक मीटर मागे, डोंगराच्या बाजूला गाडी लावली. पिकअपवाला फर्स्टमध्ये न थांबता वर आला. काच खाली करून म्हणाला, "दादा, बरं झालं थांबलात. मागे अजून दोन गाड्या आहेत." आम्ही त्या दोन्ही जाऊ दिल्या, मगच निघालो.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. चैत्र यात्रेत आणि नवरात्रात खासगी गाड्यांना वर सोडत नाहीत, तेव्हा नांदुरीला गाडी लावून एसटीनेच जावं लागतं. आणि पावसाळ्यात उतरण्याची वेळ उजेडात ठेवा. धुक्यात अपर लावला तर प्रकाश परत डोळ्यांवर येतो, म्हणून डिपर ठेवा. रात्री मात्र वळणाआधी एकदा अपर-डिपर करा, समोरच्याला तो हॉर्नच्या आधी दिसतो.

नांदुरीत उतरल्यावर चाकांजवळ हात नेऊन पाहिला. ऊब होती, वास नव्हता. वणीपर्यंत गाडी भाच्यानेच चालवली.