डोळे बांधलेला मासा

दातांच्या डॉक्टरांकडे आपला नंबर येईपर्यंत माणूस कशाकडेही टक लावून बघतो. मी फिशटँककडे बघत होते. दहा-बारा रुपेरी मासे, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. मधेच कुणाच्या तरी मनात आलं आणि सगळे एकदम वळले. धक्का नाही, "अहो, जरा सरका" नाही. मला साधं कुणाच्या बरोबरीनं चालता येत नाही. एक तर मी पुढे जाते, नाही तर शेजारच्याच्या खांद्याला खांदा घासत राहते. त्यामुळे असं काही दिसलं की मला थोडा रागच येतो.

टँकमध्ये एक मोठा मासा काचेला अगदी चिकटून उभा होता. त्याच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक टिंबांची एक ओळ दिसत होती, सुईनं टोचत नेल्यासारखी. हीच ती पार्श्वरेखा. ती टिंबं म्हणजे खवल्यांतली भोकं, आणि ती आत एका नळीत उघडतात. नळीत दोन भोकांच्या मधे संवेदी पेशींचा एक पुंजका बसलेला असतो. पेशींवर सूक्ष्म केस, केसांवर जेलीसारखी टोपी. शेजारच्या माशानं शेपटी हलवली की पाणी ढकललं जातं, एका भोकापाशी दाब किंचित वाढतो, दुसऱ्यापाशी तेवढा वाढत नाही. या फरकानं नळीतलं पाणी सरकतं, टोपी कलते, केस वाकतात आणि मेंदूला निरोप जातो. संथ, एकसारखा प्रवाह मात्र या नळीला फारसा जाणवत नाही. त्यासाठी कातडीवर उघडेच बसवलेले तसले पुंजके वेगळे. आणि मासा स्वतः शेपूट मारतो तेव्हा मेंदूच या पेशींना जरा गप्प करतो. नाही तर त्याला दिवसभर स्वतःचीच खळबळ ऐकू आली असती.

लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळताना मी पट्टीखालून बघायचे, हे आता सांगायला हरकत नाही. सगळेच बघायचे. त्यामुळे 1976 सालचा एक प्रयोग वाचला तेव्हा माझी पहिली शंका हीच होती की मासे पट्टीखालून बघत तर नसतील? पिचर, पार्ट्रिज आणि वॉर्डल या तिघांनी कॉडच्या कुळातल्या सेथ नावाच्या माशांच्या डोळ्यांवर तात्पुरती अपारदर्शक झाकणं बसवली. असा एकेक मासा त्यांनी 25 डोळस माशांच्या थव्यात सोडला. तो थव्यात शिरला, आपली जागा धरून पोहू लागला, थवा वळला की वळला. मग काही माशांच्या पार्श्वरेखेची नस कल्ल्याच्या झाकणापाशी कापली आणि वर डोळेही झाकले. त्यांना थवा धरता आला नाही. म्हणजे कुणी पट्टीखालून बघत नव्हतं.

पण मला खरी गंमत वाटते ती त्यानंतरच्या मोजमापांची. डोळे झाकलेला, पण पार्श्वरेखा शाबूत असलेला मासा शेजाऱ्यापासून नेहमीपेक्षा थोडा लांब राहायचा. उलट ज्याची फक्त पार्श्वरेखा निकामी केली होती आणि डोळे उघडे होते, तो शेजाऱ्याच्या फार जवळ जाऊन पोहायचा. याचा अर्थ असा लावला गेला की डोळे जवळ ओढतात आणि पार्श्वरेखा "पुरे, आता इथेच थांब" म्हणते. शेजारी किती वेगानं आणि कुठे निघालाय हे ती सांगते, जागा आणि कोन मुख्यतः डोळे सांभाळतात. तिचा पल्लाही फार नाही. माशाच्या लांबीच्या एक-दोन पट अंतरावर पाण्याची ती हालचाल विरून जाते. थव्याच्या पलीकडच्या टोकाला काय चाललंय हे कुठल्याच माशाला तिच्यातून कळत नाही, फक्त शेजाऱ्याचं कळतं. आणि तेवढ्यावर सगळा थवा वळतो.

म्हणजे माझ्याकडे नसलेली गोष्ट ती हीच. डोळे चांगले आहेत, त्यामुळे मी लोकांकडे ओढली जाते. थांब म्हणणारं कुणी नाही, त्यामुळे खांदे घासतात.

असं म्हणून मी सुटले असते, पण मेक्सिकोतल्या गुहांमधला आंधळा मासा आडवा येतो. त्याचे नातेवाईक बाहेर नद्यांत राहतात, त्यांना डोळे आहेत आणि ते थव्यानं पोहतात. गुहेतल्याचे डोळे गेले, त्याच्या चेहऱ्यावर ते संवेदी पुंजके संख्येनं वाढले आणि मोठेही झाले. काळोखात भिंत जवळ आलेली त्याला न धडकता समजते. शेजारी कुठे आहे हेही समजत असणारच. तरी तो थवा करत नाही. गुहेत त्याला खाणारा मोठा मासा नाही, मग गर्दीत लपायचं कुणापासून? एकटाच फिरतो, खुशाल.

मला तरी त्यात काही वावगं दिसत नाही.