चिडीचा दाणा: वीस मिनिटांची गोष्ट दोन पानांत

आखाजीला माहेरी आलेल्या लेकीबाळींच्या घोळक्यात, गिरणाकाठच्या एका गावातील आजींनी ओट्यावर बसून सांगितलेली चिडीची गोष्ट मी त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित केली होती. आज तिचे छोटे लिखित रूप पूर्ण झाले. मुद्रण वीस मिनिटांचे आहे आणि शब्दशः उतरवल्यावर ते एकोणीसशे शब्दांच्या आसपास भरले. मला ती गोष्ट चारशे शब्दांत हवी होती, म्हणजे शाळेतल्या मुलाला एका बैठकीत मोठ्याने वाचता येईल आणि तरीही ऐकणाऱ्याला ती आजींचीच वाटेल.

गोष्ट साखळीची आहे. चिडीचा दाणा खुंट्याच्या फटीत अडकतो आणि खुंटा तो देत नाही. सुतार खुंटा फाडायला तयार नाही, राजा सुताराला मारायला तयार नाही, राणी राजावर रुसत नाही, साप राणीला चावत नाही, काठी सापाला मारत नाही, विस्तव काठीला जाळत नाही, नदी विस्तव विझवत नाही, हत्ती नदी पीत नाही. शेवटी मुंगी हत्तीच्या कानात शिरायला तयार होते आणि सगळी साखळी उलटी धावू लागते.

अशा गोष्टीला कात्री लावताना पहिला मोह कड्या गाळण्याचा होतो. साप आणि काठी काढून टाकली तर काय बिघडले, असे वाटते. पण प्रत्येक कडी मागच्या कडीला भिववण्यासाठीच आलेली असते. राणीला सापाचे भय आहे आणि सापाला काठीचे. मधली दोन काढली, तर विस्तव राणीला का भिववतो याचे कारण मला स्वतः रचावे लागेल, आणि मग ती गोष्ट आजींची राहणार नाही. म्हणून एकही कडी गाळायची नाही, असे मी आधीच ठरवले होते.

मग लांबी येते कुठून? ती पालुपदाच्या मोजणीत सापडली. प्रत्येक नकारानंतर चिडी मागचे सगळे नकार पुन्हा म्हणून दाखवते. पहिल्या नकाराला एक ओळ, दुसऱ्याला दोन, असे करत हत्तीच्या नकाराला नऊ. एकूण पंचेचाळीस ओळी होतात. ओट्यावर त्या पंचेचाळीस ओळी कोणाला जड जात नाहीत, कारण मुले त्या आजींबरोबर म्हणत असतात. कागदावर मात्र डोळा तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर ओळखीच्या ओळींवरून घसरत पुढे जातो, आणि जे वाचलेच जात नाही त्याची लय उरत नाही. म्हणून मी पहिले तीन नकार पूर्ण ठेवले. तिसऱ्यापाशी चिडीचे म्हणणे असे होते:

राजा सुतारले मारत नही,
सुतार खुंटा फाडत नही,
खुंटा दाना देत नही,
मी काय खाऊ, काय पिऊ?

एवढ्यात वाचणाऱ्याला नियम कळतो. पुढचा भाग मी एका वाक्यात आणला: ‘मग चिडी राणीकडे गेली, सापाकडे गेली, काठीकडे गेली, विस्तवाकडे गेली, नदीकडे गेली, हत्तीकडे गेली, पण कोणी तिचे ऐकले नाही.’ यातला प्रत्येक ‘गेली’ मुद्दाम ठेवला आहे. ‘राणी, साप, काठी, विस्तव, नदी आणि हत्ती यांच्याकडे गेली’ असे लिहिले असते तर ती यादी झाली असती. ‘गेली’ पुन्हा पुन्हा आल्याने चिडीची पायपीट ऐकू येते. त्यानंतर मुंगीसमोर उभी राहून ती नऊच्या नऊ ओळी सलग म्हणते. एक, दोन, तीन आणि नऊ, अशा पंधरा ओळींत पालुपद बसले आणि त्याचा चढही राहिला, कारण सर्वांत लांब पाठ मुंगीच्या होकाराआधीच येतो.

लय कुठे आहे हे ठरवायला मला आजींच्या हातांनी मदत केली. त्या बोलता बोलता दादर ज्वारी पाखडत होत्या, त्यामुळे सगळ्या मुद्रणात मागे सुपाचा आवाज आहे. निवेदन चालू असताना सूप चालते आणि पालुपद सुरू होताच ते थांबते. मी कानाला हेडफोन लावून सूप थांबण्याच्या जागा उताऱ्यावर खुणावल्या आणि फक्त तेवढ्याच ठिकाणी मजकूर ओळी तोडून लिहिला. बाकी सर्व सलग गद्य आहे.

सगळी पुनरुक्ती राखायची नसते, हेही याच खुणांमुळे स्पष्ट झाले. कोणी चहा घेऊन आले म्हणून आजींनी सापाचा प्रसंग पुन्हा सुरुवातीपासून घेतला. ती पुनरुक्ती त्या दुपारची आहे, गोष्टीची नाही, म्हणून ती गेली. ‘मंग काय व्हयनं’ हा प्रश्न त्या जवळजवळ प्रत्येक प्रसंगाआधी विचारतात आणि समोरचे एखादे मूल हुंकार देते. कागदाला हुंकार देणारे कोणी नसते. तो प्रश्न मी केवळ दोनदा ठेवला: राजाच्या नकारानंतर आणि मुंगी हत्तीच्या कानापाशी पोहोचते तेव्हा. दोन्ही ठिकाणी गोष्ट वळण घेते आणि वाचणाऱ्याने थांबावे असे मला वाटते.

उलट्या धावेत आजी वेग वाढवतात. ‘हत्ती म्हणाला’, ‘नदी म्हणाली’ असे लिहिले की हा वेग मरतो. म्हणून तेथे बोलणाऱ्याचे नाव न देता फक्त विनवण्या एकाखाली एक ठेवल्या. ‘माले चावू नको, मी नदी पिसू’ यावरून हत्ती कळतो, आणि ‘माले फाडू नको, मी दाना देसू’ यावरून खुंटा. निवेदन प्रमाण मराठीत आणि चिडीचे, विनवण्यांचे बोल अहिराणीत, अशी विभागणी करण्यामागे हेच कारण आहे: ‘देसू’, ‘पिसू’ यांचा ठेका ‘देईन’, ‘पिईन’ यांना येत नाही.

सर्वांत जास्त वेळ बोधाने घेतला. आजी तो दोनदा सांगतात. मुंगी येते तेव्हा मांडीवरच्या नातवाकडे वळून एकदा, आणि अखेरीस एकदा. पहिला मी काढला, कारण तो शेवट आधीच फोडतो. नातवाला धीर देण्यासाठी त्याची गरज होती, वाचकाला नाही. शेवटचा मात्र अक्षरशः तसाच आहे: ‘मुंगी धाकली, पन काम मोठं. धाकला जीवले हिनवानं नही.’ त्याला ‘तात्पर्य’ असा मथळा देऊन वेगळा काढावा, अशी सूचना एका स्नेह्यांनी केली होती. ती मी मानली नाही. मुद्रणात दाणा मिळाल्याच्या वाक्यानंतर आजी श्वासही न घेता बोधावर येतात, म्हणून तो त्याच परिच्छेदात हवा. ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हे वाक्यही मी जोडले नाही. ते व्रताच्या कहाण्यांचे आहे, आणि आजींनी ते उच्चारलेले नाही.

संध्याकाळी शेजारच्या तिसरीतल्या मुलीला मजकूर वाचायला दिला. राजाच्या नकारापर्यंत ती अडखळत होती. मुंगीसमोरच्या नऊ ओळी तिने जवळजवळ न बघता म्हटल्या, फक्त ‘विस्तव काठीले जाळत नही’ येथे थांबली. मुद्रण पुन्हा ऐकले. आजींच्या तोंडी तेथे ‘इस्तो काठीले जायत नही’ आहे. ती ओळ त्यांच्या उच्चाराप्रमाणे केली. आता छोट्या रूपाच्या वर गावाचे नाव आणि मुद्रणाची तारीख लिहायची आहे, आणि पूर्ण उतारा त्याच फाइलमध्ये खाली जोडायचा आहे, म्हणजे गाळलेल्या तीस ओळी कोणालाही पाहता येतील.