दादाच्या उपचारांसाठी मदत मागितली, तेव्हाचा अनुभव

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, धायरी, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएस या नसांच्या आजाराचे पेशंट वाढले तेव्हा आमचा दादा पण त्यात सापडला. सकाळी पायाला मुंग्या, दुसऱ्या दिवशी जिना चढवेना आणि चौथ्या दिवशी व्हेंटिलेटर. डॉक्टरांनी इम्युनोग्लोब्युलिन सांगितलं, वजनाच्या किलोमागे 2 ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. दादा 60 किलोचा, म्हणजे 120 ग्रॅम, 5 ग्रॅमच्या 24 बाटल्या. आम्हाला एक बाटली 18,000 ला पडली, म्हणजे नुसत्या औषधाचेच 4,32,000.

त्या रात्री मी घाईघाईत इन्स्टासाठी चार स्लाइड केल्या, पहिल्याच स्लाइडवर दादाचा नळ्या लावलेला फोटो आणि खाली "7 लाखांची गरज". वहिनीला दाखवल्या तर ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, तो शुद्धीत आहे, त्याला विचारलंत का?" जीबीएसमध्ये हातपाय हलत नाहीत पण माणसाला सगळं कळत असतं, आणि माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. फोटो काढून टाकला. मग दादालाच विचारलं, तो पापण्या मिटून हो-नाही सांगायचा, आजारी पडायच्या आधीचा लेकीबरोबरचा फोटो दाखवला तर त्यावर पण नाही म्हणाला, लेक नको. शेवटी त्याचा एकट्याचा साधा फोटो घेतला.

दुसरी चूक आकड्याची होती. हॉस्पिटलचं एस्टिमेट 7,12,000 होतं पण आम्हाला तेवढे कमी पडत नव्हते, मेडिक्लेम 3 लाखांचा होता आणि घरचे दीड लाख जमले होते. म्हणून तिसऱ्या स्लाइडवर सरळ वजाबाकीच लिहिली, एकूण किती, विमा किती, आमचे किती, कमी पडतात 2,62,000. मदत करणाऱ्या बऱ्याच जणांनी नंतर सांगितलं की ती वजाबाकी बघूनच विश्वास बसला. त्याखाली महात्मा फुले योजनेबद्दल पण लिहिलं, कारण पहिला प्रश्न तोच येतो. आमचं हॉस्पिटल योजनेत नव्हतं आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला दुसरीकडे हलवायला डॉक्टर तयार नव्हते, हे दोन ओळींत सांगितलं.

एस्टिमेटचा फोटो टाकताना खूप जपावं लागतं. लेटरहेड, तारीख, सही-शिक्का आणि रक्कम दिसू दिली, पण घरचा पत्ता, मोबाईल, पॉलिसी नंबर, पेशंटचा नंबर आणि बारकोड झाकले. मी आधी फोनमधल्या हायलायटरने काळं केलं होतं, तर चुलतभावाने ब्राइटनेस वाढवून खालचे आकडे वाचून दाखवले! मग त्यावर पक्का काळा चौकोन टाकला आणि त्याचा स्क्रीनशॉट घेऊन तोच वापरला. हॉस्पिटलवाले परक्या माणसाला फोनवर पेशंटची माहिती देत नाहीत, म्हणून खात्री करायला माझा आणि दादाच्या ऑफिसातल्या एका मित्राचा नंबर दिला, अर्थात त्याची परवानगी घेऊन.

पैसे वहिनीच्या खात्यात घेतले. क्यूआरच्या खाली ठळक लिहिलं की पैसे पाठवण्याआधी ॲपमध्ये हेच नाव दिसलं पाहिजे, दुसरं दिसलं तर थांबा. यूपीआय आयडी कॅप्शनमध्ये पण टाकला. लोक व्हॉट्सॲपवर एखादीच स्लाइड पुढे ढकलतात, म्हणून शेवटी झालेल्या सहाही स्लाइडवर तारीख आणि खातेदाराचं नाव होतं. याचा उपयोग तिसऱ्याच दिवशी झाला. कोणीतरी आमच्याच स्लाइड उचलून स्वतःचा क्यूआर लावला होता, पण दादाच्या एका वर्गमित्राला ॲपमध्ये वेगळं नाव दिसलं आणि त्याने लगेच फोन केला. आम्ही ती पोस्ट रिपोर्ट केली, 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार दिली आणि कॅप्शनमध्ये वरतीच तसं लिहिलं.

जमलेली रक्कम मी मुद्दाम स्लाइडवर नाही टाकली, कारण पोस्ट केल्यावर फोटो बदलता येत नाही, कॅप्शन बदलता येतं. रोज रात्री दहाला कॅप्शनमध्ये नवीन आकडा लिहायचो. देणाऱ्यांची नावं टाकली नाहीत, प्रत्येकाला वेगळा मेसेज केला, पाचशेवाल्याला आणि पाच हजारवाल्याला सारखाच.

सहाव्या दिवशी 2,66,500 झाले आणि त्याच रात्री "आता पैसे पाठवू नका" लिहून क्यूआरची स्लाइड पोस्टमधून काढली. दादा अंदाजापेक्षा लवकर व्हेंटिलेटरवरून निघाला, शेवटचं बिल 6,71,000 आलं, विमा कंपनीने मात्र 2,88,000 च मंजूर केले. म्हणजे लोकांच्या पैशातले 2,33,000 लागले आणि 33,500 उरले. उरलेले फिजिओथेरपीला वापरू, ज्याला परत हवेत त्याने सांगावं, हे पहिल्या दिवसापासून शेवटच्या स्लाइडवर होतं. दोघांनी परत मागितले, त्यांना त्याच दिवशी दिले. मार्चमध्ये दादा वॉकर घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत गेला, तेव्हा फिजिओच्या पावत्यांसकट शेवटचा हिशोब टाकला. तो फोटो दादाने स्वतः निवडला होता.